आधी नोंद रद्द, मग ॲपला रजा

मोबाइलमधून ॲप काढून टाकले म्हणून यूपीआय आयडी रद्द होत नाही. आयडी कोणत्या खात्याला जोडला आहे, याची नोंद ॲपमागच्या बँकेकडे असते. आयडीतील `@` नंतरचा भाग, म्हणजे हँडल, हे त्याच बँकेचे किंवा सेवेचे चिन्ह. `@oksbi`च्या मागे स्टेट बँक आहे, `@ybl`च्या मागे येस बँक, तर `@upi` हे भीम ॲपचे. त्यामुळे खाते महाराष्ट्र बँकेत आणि आयडी `@oksbi`चा, असेही सर्रास असते. ॲप उडवले तरी ही नोंद जागच्या जागी राहते आणि त्या आयडीवर कोणी पैसे पाठवले, तर ते जुन्या खात्यात जमा होतात.

बँक बदलली, पण ॲप तेच ठेवायचे असेल, तर काम थोडके असते. ॲपमध्ये नवे खाते जोडून ते मुख्य करायचे आणि जुने काढायचे. खाते आणि ॲप दोन्ही बदलायचे असतील, तेव्हा मात्र क्रम पाळावा लागतो.

समजा, घरी शिकवणी घेणाऱ्या एका बाईंना जुने खाते बंद करायचे आहे. त्या खात्यावर तीन गोष्टी लटकलेल्या आहेत: पालकांकडून येणारी फी, म्युच्युअल फंडाचा दरमहा जाणारा हप्ता आणि यूपीआय लाइटमध्ये पडून असलेले 640 रुपये. नव्या बँकेत त्यांचा तोच मोबाइल क्रमांक नोंदलेला हवा, कारण नव्या ॲपची नोंदणी त्याच सिमवरून जाणाऱ्या एसएमएसने होते. मग डेबिट कार्ड किंवा आधारच्या आधारे नव्या खात्याचा पिन ठरवायचा आणि एक रुपया पाठवून व्यवहार होतो का ते पाहायचे.

यानंतर हप्ता. ऑटोपेची परवानगी विशिष्ट आयडी आणि खाते यांच्याशी बांधलेली असते. नवे खाते जोडले म्हणजे हप्ता आपोआप तिकडे वळला, असे गृहीत धरता येत नाही. जुन्या ॲपमधील ऑटोपेची यादी उघडून कोणते हप्ते चालू आहेत ते टिपून घ्यावे, फंडाकडे नव्या खात्याची परवानगी द्यावी आणि ती मंजूर झाल्यावरच जुनी रद्द करावी. उलट केले, तर मधला एखादा हप्ता चुकतो. आयपीओसाठी रक्कम अडकवून ठेवली असेल, तर त्याचा निकाल लागेपर्यंत जुन्या खात्याला हात न लावणे बरे.

यूपीआय लाइटमधील 640 रुपये खात्यातून आधीच बाहेर पडलेले असतात, म्हणून खात्याच्या शिल्लक रकमेत ते दिसत नाहीत. ॲपमध्ये लाइट बंद केले, की ते मूळ खात्यात परत येतात. ते खाते चालू असतानाच हे उरकावे.

आता जुन्या ॲपमधून बँक खाते काढायचे आणि सेटिंग किंवा प्रोफाइलमध्ये असलेल्या पर्यायातून यूपीआयची नोंदणी रद्द करायची. पर्यायाचे नाव ॲपनुसार बदलते. अनेकांचा मोबाइल क्रमांकच यूपीआय क्रमांक म्हणून जुन्या आयडीला जोडलेला असतो. तो तिथून सोडवून नव्या आयडीला जोडला नाही, तर क्रमांक टाकून पाठवलेले पैसे भलतीकडे जाऊ शकतात किंवा अडतात.

नोंद खरोखर गेली का, हे दुसऱ्या कोणाच्या मोबाइलवरून कळते. तिथे जुना आयडी टाकून पाहावा, पैसे पाठवायची गरज नसते. नाव उमटले, तर आयडी अजून जिवंत आहे. आयडी सापडत नसल्याचा संदेश आला, तर काम झाले.

शिकवणीच्या दाराशी चिकटवलेला क्यूआर मात्र हमखास विसरला जातो. तो स्कॅन केल्यावर निघणाऱ्या मजकुराची सुरुवात `upi://pay?pa=` अशी असते आणि पुढे आयडी छापलेला असतो. आयडी रद्द झाला, की तो कागद निकामी. पालकांच्या मोबाइलवर व्यवहार अडतो आणि ‘मॅडम, फी जात नाहीये’ असे फोन सुरू होतात. म्हणून नवा क्यूआर आधी लावावा, जुना फाडावा आणि पालकांच्या ग्रुपवर नवा आयडी कळवावा.

जुन्या व्यवहारांच्या पावत्या किंवा इतिहास हवा असेल, तर तो उतरवून घ्यावा आणि मग ॲप काढावे. बँक खाते बंद करणे सर्वांत शेवटी. एखाद्या खरेदीचा परतावा मूळ पैसे ज्या खात्यातून गेले तिथेच येत असतो, त्यामुळे अडकलेले व्यवहार आणि परतावे मिटेपर्यंत खाते उघडे ठेवावे लागते.