नऊ सेंटिमीटर नव्हे, दोन

जानेवारी 2018. जपानचे अंतराळवीर नोरिशिगे कानाई यांना अंतराळ स्थानकावर पोहोचून तीन आठवडे झाले होते. आपली उंची नऊ सेंटिमीटरनं वाढली, परतताना सोयूझच्या आसनात मावतो की नाही कोण जाणे, असं त्यांनी ट्विटरवर लिहिलं. बातमी जगभर झाली. पण त्यांचे रशियन कप्तान अँटन श्काप्लेरॉव्ह यांना आकडा पटेना. कानाईंनी पुन्हा माप घेतलं. 180 सेंटिमीटरची उंची 182 भरली. मग त्यांनी सगळ्यांची माफी मागितली.

त्यांची काळजी मात्र अगदीच पोकळ नव्हती. सोयूझमधलं आसन ज्याच्या त्याच्या अंगाच्या साच्यावर बेतलेलं असतं, जमिनीवर आदळतानाचा धक्का पाठभर विभागला जावा म्हणून. पाठच लांबली तर साचा कसा जुळणार? त्यामुळे वाढीव उंचीसाठी त्यात आधीच थोडी जागा सोडतात.

ही वाढ होते ती पाठीच्या कण्यात. पायांची हाडं होती तेवढीच राहतात. मणक्यांच्या मध्ये 23 गाद्या असतात. 'गादी सरकली' म्हणतो ना, त्याच या. त्यांच्या गाभ्यात पाणी धरून ठेवणारा लिबलिबीत पदार्थ असतो. दिवसभर उभं राहिलं, बसलं की वरच्या भारानं त्यातलं थोडं पाणी बाहेर दाबलं जातं. रात्री आडवं झालं की ते परत शोषलं जातं. म्हणून आपणही सकाळी संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो. स्थानकात हा भार नसतोच. उंची जास्तीत जास्त तीन टक्क्यांपर्यंत वाढू शकते.

पण सगळं श्रेय गाद्यांना देऊन चालणार नाही. सहा अंतराळवीरांच्या कण्याचं एमआरआय मोहिमेआधी आणि नंतर काढलं, तेव्हा गाद्या ठरावीकपणे फुगलेल्या दिसल्या नाहीत. कमरेचा बाक मात्र सपाट झाला होता आणि कण्याला धरून ठेवणारे स्नायू बारीक झाले होते. वाकवलेली छडी सरळ केली की टोकं लांब जातात, तसाच हा प्रकार. या ताणामुळे तिथं अनेकांची पाठ दुखते. गुडघे छातीशी घेतले की बरं वाटतं.

जमिनीवर उतरलं की डोक्याचा, खांद्यांचा, धडाचा भार पुन्हा कण्यावर येतो. गाद्या दबतात, कमरेचा बाक परततो आणि उंची लवकरच पूर्ववत होते. स्नायूंना मात्र वेळ लागतो. त्याच सहा जणांमध्ये साधारण दीड महिन्यानंतरही आटलेल्या स्नायूंपैकी दोन तृतीयांशच भरून आले होते. गादी सरकण्याचं प्रमाणही अंतराळवीरांमध्ये इतरांच्या चौपटीहून जास्त आढळलं आहे. म्हणून परतल्यावर वाकणं, वजन उचलणं त्यांना बेतानंच करावं लागतं.