फुटाला दोन सूत

बाथरूमचं नूतनीकरण करायला निघालेल्या घरमालकासमोर हल्ली कॅडमध्ये काढलेला सुबक नकाशा येतो. गार पाण्याची निळी रेघ, गरम पाण्याची लाल, सांडपाण्याची तपकिरी, आणि कमोड, बेसिन, शॉवर आपापल्या जागी. मालक टाइल्सच्या रंगात अडकतो. पण त्या तपकिरी रेघेत एक गोची आहे. ती किती उतरते हे वरून पाहिलेल्या नकाशात दिसतच नाही. योग्य ढाळाची नळी, सपाट नळी आणि उलट्या ढाळाची नळी, तिन्ही कागदावर हुबेहूब सारख्याच.

नळाच्या पाण्याला ढाळाची पर्वा नसते. मागे टाकीचा दाब असतो, त्यामुळे ते भिंतीवर चढतं आणि कोपऱ्यात वळतं. सांडपाण्याच्या मागे कोणी नसतं, ते फक्त उतरतं. म्हणून सांडपाण्याच्या नळ्या आधी आणि नळाच्या मागाहून काढाव्यात. बहुतेक नकाशे नेमके उलट काढले जातात, कारण नळ आणि शॉवर निवडण्यात मजा असते.

पाच फूट बाय आठ फुटांचं नेहमीचं बाथरूम घेऊ. विटांच्या भिंतीपासून भिंतीपर्यंत १५०० मिमी रुंद आणि २४०० मिमी लांब. एका आखूड भिंतीत डावीकडे दार, समोरच्या आखूड भिंतीमागे डक्ट, म्हणजे सगळ्या उभ्या नळ्यांचा चौक. डाव्या भिंतीला कमोड, उजवीकडे दाराजवळ बेसिन आणि डक्टच्या बाजूला शॉवर. कमोड आणि बेसिन समोरासमोरच्या भिंतींना असल्याने दोघांच्या नळ्या एकमेकींना न छेदता डक्टपर्यंत जातात.

पहिलं काम `OFFSET`चं. आर्किटेक्टच्या नकाशात विटांची भिंत असते, पण कमोड टेकतो टाइलला. प्लास्टर, सिमेंट आणि टाइल धरून प्रत्येक बाजूला साधारण ३५ मिमी आत एक रेघ ओढायची. १५०० मिमीची खोली लगेच १४३० मिमीची होते. जमिनीत मैला सोडणाऱ्या कमोडच्या छिद्राचा मध्य, मॉडेलप्रमाणे, तयार भिंतीपासून बहुधा २२५ किंवा ३०० मिमीवर असतो. हे अंतर विटेपासून मोजलं, तर टाइल लागल्यावर कमोड मागे भिंतीला अडतो. बाजूच्या भिंतीपासून कमोडच्या मध्यापर्यंत निदान ३८० मिमी ठेवावेत, नाहीतर बसणाऱ्याचं कोपर टाइलला घासतं.

आता जमिनीखाली जाऊ. आपल्याकडे बाथरूमचा स्लॅब बाजूच्या खोलीपेक्षा खाली टाकलेला असतो. या खोलगट भागात नळ्या बसतात, वर भराव आणि त्यावर टाइल. आपल्या उदाहरणात ही खोली ३०० मिमी आहे, मोजमाप दाराच्या तयार जमिनीपासून. तळाशी वॉटरप्रूफिंग आणि त्यावरचा संरक्षक थर मिळून ४० मिमी जातात. उरले २६०. ऐकायला भरपूर वाटतं.

जाळी कुठे ठेवायची? साहजिकच शॉवरच्या टोकाला, डक्टच्या भिंतीलगत कोपऱ्यात. तिच्याखाली नहाणी ट्रॅप असतो. त्यात ५० मिमी पाणी कायम साचून राहतं आणि तेच डक्टमधली दुर्गंधी अडवतं. बेसिनचं पाणीही याच ट्रॅपमध्ये आणायचं, म्हणजे नळी जमिनीखालून २ मीटर धावणार. प्लंबरचा हिशोब सोपा असतो, फुटाला दोन सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेव्हा फुटामागे पाव इंच, मीटरमागे साधारण २० मिमी.

बेसिनखाली नळीवर टाइल आणि सिमेंटसाठी ५० मिमी सोडले. नळी ५० मिमी जाडीची. म्हणजे तिचा तळ सुरुवातीलाच १०० मिमी खाली. दोन मीटरचा उतार ४०, तेव्हा ट्रॅपशी पोचेपर्यंत १४०. ट्रॅपमधून पाणी बाहेर पडायचं तोंड याहून १५ मिमी तरी खाली हवं, नाहीतर पाणी बेसिनच्या नळीत साचून राहील. झाले १५५. त्याखाली साचलेल्या पाण्याचे ५०, आणि त्याखालून पाणी वळायला जागा व ट्रॅपचा तळ यांचे साधारण ६५. बेरीज २७०. आपल्याकडे आहेत २६०.

एक सेंटिमीटर कमी पडला. नकाशात तो कुठेच दिसत नाही, दिसतो साइटवर. तिथे तोडगा काय निघतो, तर वॉटरप्रूफिंग छिलायचं किंवा नळी सपाट टाकायची. पहिल्या तोडग्याचा परिणाम खालच्या मजल्यावरच्या छतावर दिसतो आणि मग सोसायटीच्या बैठकीत. दुसऱ्याचा बेसिनमध्ये, पाणी रेंगाळत जातं आणि नळीत साबणाचा थर धरतो.

उपाय नकाशातच आहे. जाळी कोपऱ्यातून काढून शॉवरच्या अलीकडच्या कडेला, बेसिनपासून १ मीटरवर आणायची. उतार २० मिमीवर येतो, बेरीज २५० होते आणि १० मिमी हाताशी राहतात. पुढे ट्रॅपपासून डक्टपर्यंत १.१ मीटरला २२ मिमी उतार, तो बसतो. जाळीची जागा अशी ठरते. टाइलच्या डिझाइनला नंतर तिच्याशी जुळवून घ्यावं लागतं. ट्रॅपची उंची मात्र कंपनीगणिक बदलते, म्हणून विकत घ्यायच्या ट्रॅपचं कॅटलॉग उघडूनच आकडा धरावा.

हे सगळं दिसावं यासाठी नकाशाशेजारी नळीचा उभा छेद काढावा. दाराची जमीन शून्य धरायची आणि खालचं सगळं वजा. बेसिनच्या नळीचा तळ असा काढला जातो:

```
PLINE
0,-100
@1000,-20
```

पहिला आकडा आडवं अंतर, दुसरा खोली. याच छेदात स्लॅब आणि वॉटरप्रूफिंगच्या रेघा काढल्या की नळी कुठे अडते ते डोळ्यांना दिसतं. मग मूळ नकाशातही प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांना खोली लिहावी. कमोडची ११० मिमीची नळी याच पद्धतीने तपासायची. त्याच्या छिद्राचा मध्य डक्टच्या भिंतीपासून १.२ मीटरवर असेल, तर उतार २४ मिमी होतो. डक्टच्या भिंतीत बीम असेल तर नळी कुठून न्यायची हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय ठरवू नये. बीमला भोक पाडणं हा प्लंबरच्या अखत्यारीतला विषय नाही.

नळाच्या लाइनी आता काढा. गार आणि गरम वेगळ्या लेयरवर, म्हणजे `P-COLD` आणि `P-HOT` अशा नावांनी, आणि प्रत्येक भिंतीचं उभं चित्र वेगळं. शॉवर साधारण २१०० मिमी उंचीवर, बेसिनचे अँगल कॉक ५५० ते ६०० वर, आणि समोर उभं राहून पाहिलं की गरम डावीकडे. सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी एक गणित करावं. टाकीतलं पाणी शॉवरपेक्षा ३ मीटर उंच असेल तर दाब मिळतो जेमतेम ०.३ बार. छताला लावायच्या मोठ्या शॉवरला बहुधा याहून जास्त लागतो, तेव्हा पंपाची जागा आत्ताच नकाशात दाखवा.

नकाशा हातात आला की डिझायनरकडून तीन गोष्टी मागून घ्या: जमिनीचा उभा छेद, नळ्यांच्या दोन्ही टोकांची खोली, आणि ट्रॅपचं मॉडेल. यातलं एकही नसेल तर टाइल्सचा अ‍ॅडव्हान्स देऊ नका. आणि भराव टाकायच्या आधी प्लंबरला बेसिनच्या नळीत बादलीभर पाणी ओतायला लावा, तुम्ही स्वतः डक्टपाशी उभे राहा.