कपाटात कोंडलेला सेट-टॉप बॉक्स

संध्याकाळी सातला टीव्ही लावावा आणि नऊच्या सुमारास चित्र एका जागी अडकावं. रिमोटची बटणं दाबून काही होत नाही. बॉक्सचा प्लग काढून पुन्हा लावला की थोडा वेळ बरं चालतं, मग परत तेच. उन्हाळ्यात अशी तक्रार आली की लोक आधी गच्चीवरच्या छत्रीवर संशय घेतात. मेकॅनिक येतो, छत्री थोडी फिरवतो, पैसे घेऊन जातो. पण दोष बऱ्याचदा टीव्हीखालच्या फर्निचरमध्ये असतो.

सिग्नलचा दोष आणि उष्णतेचा दोष वेगळे ओळखता येतात. सिग्नल कमी पडला की चित्राचे चौकोन होतात, आवाज तुटतो, पण बॉक्सचा मेनू रिमोटने उघडतो. पाऊस थांबला की चित्रही सुधारतं. बॉक्स तापला असेल तर मेनूसकट सगळंच थिजतं किंवा बॉक्स आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि हे टीव्ही लावल्यावर तास-दोन तासांनी घडतं. शंका उरलीच तर त्याच वायरी ठेवून बॉक्स कप्प्याबाहेर काढा आणि दोन-तीन संध्याकाळ उघड्या टेबलावर चालवा. एकदाही अडकला नाही, तर दोष कप्प्याचा. बाहेरही अडकला, तर अ‍ॅडॉप्टर तपासून घ्या. बॉक्सच्या आतले कपॅसिटर उष्णतेने आधीच निकामी झाले असण्याचीही शक्यता असते, आणि मग कितीही हवा देऊन बॉक्स सुधारत नाही.

बॉक्स तापतो कारण त्याच्यात सहसा पंखा नसतो. मुख्य चिपची उष्णता अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीतून आतल्या हवेत जाते, ती हवा हलकी होऊन वरच्या जाळीतून निघते आणि खालच्या फटींतून ताजी हवा आत येते. भोवतालची हवाच गरम असली की हे चक्र मंदावतं. रिमोटने बंद केलेला बॉक्सही पूर्ण थांबत नाही, तो आतून जागाच असतो आणि तापतच राहतो.

अकोल्यातलं एखादं घर डोळ्यांपुढे आणा. मे महिना, दिवाणखान्यात ३८ अंश. प्लायवूडच्या टीव्ही युनिटमध्ये ६० सेंटिमीटर रुंद, ४० खोल आणि २० उंच असा कप्पा, पुढे काचेचं दार. आत सेट-टॉप बॉक्स, त्याच्यावर वायफाय राउटर, मागे दोघांचे अ‍ॅडॉप्टर. सगळे मिळून साधारण २० वॅट उष्णता टाकतात. आकडा लहान वाटतो, पण प्लायवूडमधून उष्णता फार सावकाश बाहेर पडते. ढोबळ हिशोबाने कप्प्यातली हवा खोलीपेक्षा दहा-बारा अंशांनी चढते, म्हणजे पन्नासच्या आसपास जाते. अशी बरीच उपकरणं भोवतालची हवा ४० अंशांपर्यंत असेल असं धरून बनवलेली असतात. शिवाय बॉक्सच्या जाळीवरच राउटर बसलेला, त्यामुळे चिपची अवस्था याहून वाईट.

सर्वांत चांगला उपाय फुकटचा आहे: बॉक्स उघड्या फळीवर ठेवा. वर आणि मागे दहा सेंटिमीटर जागा सोडा, वर राउटर ठेवू नका, विणलेला रुमाल घालू नका. कप्प्यातच ठेवायचा असेल तर राउटर आणि अ‍ॅडॉप्टर तरी बाहेर काढा, निम्मी उष्णता तिथेच कमी होते. टीव्ही चालू असताना दार उघडं ठेवा. रात्री भिंतीवरचं बटण बंद करा.

त्याने भागलं नाही तर सुताराकडून मागच्या फळीला भोकं पाडून घ्या. एकच भोक पाडून विशेष फरक पडत नाही. खालच्या बाजूला दोन आणि वरच्या बाजूला दोन, प्रत्येक पाच-सहा सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे गार हवा खालून येईल आणि गरम हवा वरून जाईल. युनिट भिंतीला चिकटून असेल तर ही भोकं भिंतीनेच बंद होतात, म्हणून ते दोन इंच तरी पुढे ओढा. वरच्या भोकावर यूएसबीवर चालणारा छोटा पंखा हवा बाहेर फेकेल असा लावला, तर अकोल्यातल्या त्या कप्प्याचं तापमान खोलीच्या बरंच जवळ येतं. पंखा कप्प्याला खोलीपेक्षा गार मात्र करू शकत नाही. खोलीच ४२ अंशांवर गेली असेल तर बॉक्सची जागा कप्प्याबाहेरच.

जाळीतली धूळ प्लग काढून मऊ ब्रशने झाडा. ओलं फडकं किंवा बर्फाची पिशवी बॉक्सवर ठेवणं धोक्याचं आहे. झाकण स्वतः उघडू नका, बऱ्याच कंपन्यांच्या बॉक्सची वॉरंटी त्याने जाते. आणि नवं फर्निचर करून घेत असाल तर टीव्ही युनिटची मागची फळी ठोकण्याआधीच ही भोकं सुताराला सांगा. भिंतीला बसवलेल्या युनिटमध्ये ती नंतर पाडणं फार कठीण जातं.