गुणाकार सोपा, अवयव अवघड

जिला १ आणि ती स्वतः यांखेरीज कुणानेही निःशेष भाग जात नाही, अशी १ पेक्षा मोठी संख्या म्हणजे मूळ संख्या. २, ३, ५, ७, ११ ही यादी शाळेत पाठ होते आणि बहुतेकांचा तिच्याशी संबंध तिथेच संपतो.

८९ आणि ९७ या मूळ संख्यांचा गुणाकार कागदावर मिनिटभरात होतो: ८६३३. उलट, नुसती ८६३३ देऊन अवयव विचारले, तर २, ३, ५ असं एकेका मूळ संख्येने भागत गेल्यावर चोविसाव्या खेपेला ८९ सापडते. संख्या शेकडो अंकी झाली, की हे शोधणं संगणकालाही झेपत नाही. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी याच अडचणीतून कुलूप घडवलं. त्यांच्या आद्याक्षरांवरून त्याला आरएसए म्हणतात.

छोट्या आकड्यांत पाहू. दुकानाचं संकेतस्थळ ३ आणि ११ निवडतं, गुणाकार ३३ जाहीर करतं आणि सोबत ३ हा घातांकही. ग्राहकाला ४ हा आकडा गुपचूप पाठवायचा आहे. ४ चा घन ६४, त्याला ३३ ने भागून बाकी ३१. वाटेत कुणी पाहिलं, तर त्याला ३१ दिसेल. दुकान मात्र ३१ चा सातवा घात करून ३३ ने भागतं. बाकी येते ४. हा ७ कुठून आला? मूळ संख्यांतून १-१ वजा करून गुणलं, की २ गुणिले १० म्हणजे २०. आणि ३ ला ७ ने गुणून २० ने भागलं, की बाकी १ उरते. ३३ चे अवयव ज्याला ठाऊक, त्यालाच ७ काढता येतो.

प्रत्यक्षात ३३ च्या जागी सहसा ६१७ अंकी संख्या असते. शिवाय पैशांचा सगळा तपशील असा पाठवत नाहीत, ते फार संथ होईल. त्यासाठी वेगळी, झटपट सांकेतिक पद्धत असते. आरएसएचं आजचं मुख्य काम म्हणजे समोरचं संकेतस्थळ खरं आहे याची सही पटवणं.

कुलूप फुटतं ते बहुधा निष्काळजीपणाने. २०१२ मध्ये संशोधकांनी इंटरनेटवरच्या लाखो जाहीर किल्ल्या गोळा केल्या, तेव्हा अनेक किल्ल्यांत एक मूळ संख्या सामाईक निघाली. अशा दोन किल्ल्यांचा मसावि काढला, की काम फत्ते. ८६३३ आणि ९७९७ घ्या: शाळेतल्या भागाकाराच्या रीतीने पाच पायऱ्यांत मसावि ९७ येतो आणि दोन्ही संख्या उघड्या पडतात. दोषी होती मुख्यतः राउटरसारखी उपकरणं. नुकतीच सुरू झाल्यामुळे त्यांच्याकडे पुरेशी यादृच्छिकता जमलेली नव्हती, म्हणून वेगवेगळ्या घरांतल्या यंत्रांनी तीच मूळ संख्या निवडली. बँकांची मोठी संकेतस्थळं त्यात जवळपास नव्हतीच.