झोपेत उघडलेला फ्रिज

सकाळी ओट्यावर लोण्याचा रिकामा डबा, कच्च्या पिठाचे सांडलेले गोळे, गॅसची शेगडी कोमट. आणि घरात एकट्याच राहणाऱ्या बाईंना यातलं काहीही आठवत नाही. झोल्पिडेमसारखी झोपेची गोळी घेणाऱ्या काहींच्या बाबतीत असं घडतं. मेंदूचा हालचाली घडवणारा भाग जागा होतो, पण भान आणि स्मृती झोपेतच राहतात. म्हणून माणूस चालतो, शिजवतो, खातो, क्वचित गाडीही चालवतो. पहिल्याच गोळीनंतर, अगदी कमी डोसवरही हे होऊ शकतं. दारू किंवा गुंगी आणणारं दुसरं औषध सोबत असेल तर धोका वाढतो.

अमेरिकेच्या औषध नियामकाने 2019मध्ये झोल्पिडेम, एस्झोपिक्लोन आणि झॅलेप्लॉनवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. त्यामागे 26 वर्षांत नोंदलेल्या 66 गंभीर घटना होत्या. त्यांपैकी 20 जण दगावले. एवढ्या तुरळक घटना औषधाच्या चाचण्यांत सहसा दिसत नाहीत. त्या कळतात फक्त कुणी कळवल्या तरच. पण रुग्णाला आठवत नाही आणि घरचे लाजेपोटी गप्प बसतात.

असं एकदाही झालं, तर पुढची गोळी घेण्याआधी त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. या औषधांपैकी कुठलंही पुन्हा घेऊ नये, असंच तो इशारा सांगतो. रोजची जुनी सवय असेल, तर गोळी कशी थांबवायची हे डॉक्टरच ठरवतील. औषधाचं नाव, डोस, वेळ आणि घरच्यांनी पाहिलेलं सारं लिहून ठेवा. भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या 1800-180-3024 या टोल-फ्री क्रमांकावर रुग्ण किंवा नातेवाईक स्वतः नोंद करू शकतात.