टनभर वजनाची बग्गी मंगळावर कशी उतरते

मंगळावर यान उतरत असताना पृथ्वीवरून त्याला काहीही सांगता येत नाही. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी ‘नासा’ची पर्सिव्हिअरन्स बग्गी जेझेरो विवरात उतरली, तेव्हा (भारतात १९ तारखेचे पहाटेचे अडीच वाजत आले होते) रेडिओ संदेशाला मंगळावरून इथे यायला ११ मिनिटांहून अधिक वेळ लागत होता. वातावरणात शिरल्यापासून चाके टेकेपर्यंतचा प्रवास मात्र सातच मिनिटांचा. म्हणजे ‘यान वातावरणात शिरले’ ही बातमी नियंत्रण कक्षात आली, तेव्हा ते सुखरूप उतरले होते किंवा त्याचे तुकडे तरी झाले होते. त्यामुळे कुठली गोष्ट कधी करायची, हे यानातल्या संगणकानेच ठरवायचे असते.

अडचणीचे मूळ मंगळाच्या हवेत आहे. तिची घनता पृथ्वीवरच्या हवेच्या एक टक्क्याच्या आसपास आहे. ताशी १९ हजार किलोमीटरहून अधिक वेगाने घुसणाऱ्या यानाला तापवायला ती पुरते, पण अलगद खाली आणायला पुरत नाही. म्हणूनच एकामागून एक तीन साधने लागतात.

पहिली उष्णतारोधक ढाल. साडेचार मीटर व्यासाच्या या ढालीचा पृष्ठभाग सुमारे १,३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापला. तिच्यावरच्या फरशा तापताना हळूहळू जळतात आणि उष्णता बाहेरच्या बाहेर वाहून नेतात. यानाचा बहुतेक सगळा वेग ही ढालच खाऊन टाकते; पॅराशूट आणि रॉकेट यांच्या वाट्याला उरलेले काम येते. या टप्प्यातही यान नुसते कोसळत नाही. आत शिरण्यापूर्वी टंगस्टनची वजने टाकून देऊन त्याचा गुरुत्वमध्य मुद्दाम एका बाजूला सरकवलेला असतो. त्यामुळे यान किंचित तिरके राहते, हवेतून थोडी उचल मिळते आणि लहान इंजिनांनी कूस बदलत त्याला लक्ष्याकडे वळता येते.

वेग ताशी दीड हजार किलोमीटरपर्यंत उतरला, तेव्हा साडेएकवीस मीटर व्यासाचे पॅराशूट उघडले. आधीच्या क्युरिऑसिटी बग्गीचे पॅराशूट ठरावीक वेग आला की उघडणार होते. यावेळी मात्र लक्ष्यापासूनचे अंतर पाहून तो क्षण ठरला. जागा चुकण्याची शक्यता त्यामुळे बरीच कमी झाली आणि खडक, कडे, वाळू यांनी भरलेले जेझेरो निवडणे शक्य झाले.

वीस सेकंदांनी ढाल गळून पडली, तशी खालची जमीन दिसू लागली. रडारने उंची मोजली. कॅमेऱ्याने टिपलेली छायाचित्रे संगणक आपल्याजवळच्या नकाशाशी ताडून पाहू लागला आणि आपण नेमके कुठे आहोत हे ओळखून आवाक्यातली धोका नसलेली जागा त्याने निवडली. पॅराशूटला लटकूनही वेग ताशी ३२० किलोमीटरच्या खाली येत नव्हता. जमिनीपासून सुमारे दोन किलोमीटरवर पॅराशूट सुटले आणि आठ रॉकेट इंजिने पेटली.

इथून पुढची युक्ती वरवर पाहता वेडगळच वाटते. रॉकेटांचा झोत जमिनीजवळ आला तर धूळ-खडे उडून उपकरणे खराब होणार, आणि टनभर ओझे हवेच्या पिशव्यांना पेलणार नाही. म्हणून इंजिनांचा सांगाडा वीसेक मीटर उंचीवर असताना त्याने बग्गी दोरांनी खाली सोडायला सुरुवात केली आणि दोघेही सावकाश उतरत राहिले. चाके टेकली की दोरांवरचा भार जातो, त्यामुळे उतरण्याचा वेग तोच ठेवायला इंजिनांना एकदम कमी जोर लागतो. हा फरक टिकून राहिला की संगणकाला कळते की बग्गी जमिनीवर आहे. मग दोर कापले जातात आणि सांगाडा दूर उडून जाऊन आपटतो.

संगणकाचा अंदाज चुकला तर काय होते, हे १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपच्या स्कियापरेली यानाने दाखवले. पॅराशूट उघडल्यावर ते अपेक्षेपेक्षा जोरात हेलकावले आणि फिरण्याचा वेग मोजणारे उपकरण सुमारे सेकंदभर आपल्या कमाल मर्यादेला अडकले. त्या आकड्यावरून संगणकाने यानाचा कल चुकीचा काढला. त्यावर रडारचे अंतर बसवले, तेव्हा उंची शून्याच्याही खाली निघाली. यान जमिनीवर पोचले, असा संगणकाचा समज झाला. पॅराशूट वेळेआधीच सोडले गेले, इंजिने तीनच सेकंद चालून बंद पडली आणि सुमारे ३.७ किलोमीटर उंचीवरून यान खाली कोसळले. रडार आणि इंजिने व्यवस्थित होती. ‘उंची शून्याखाली असूच शकत नाही’ ही खबरदारी तेवढी संगणकाला घेता आली नाही.

दोर सोडून उतरवण्याची पद्धत क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हिअरन्स या दोन्ही बग्ग्यांना लाभली, पण ती टनभर वजनाच्या आसपासच चालते. माणसे नेणाऱ्या यानाचे वजन कित्येक टन असेल. तेवढे वजन पेलणारे पॅराशूट मंगळाच्या विरळ हवेत वेळेत उघडून काम देऊ शकत नाही, त्यामुळे तिथे रॉकेटांना बऱ्याच आधीपासून, प्रचंड वेगात असतानाच काम सुरू करावे लागेल.