तेलाच्या पिशवीवरचे मूल

किराणा दुकानात तेलाची पिशवी हाती घेतली असता कधी कधी तिच्या एका कोपऱ्यात ताट घेऊन बसलेल्या हसऱ्या मुलाचे चित्र दिसते. ही पिशवी घेणाऱ्याने एका शाळकरी मुलाच्या जेवणास हातभार लावला, असे खाली लिहिलेले असते. ग्राहकाला बरे वाटते आणि पिशवी घरी येते. तथापि हातभार नेमका किती, आणि त्यामुळे त्या मुलाच्या ताटात कोणता पदार्थ वाढला, हे दोन प्रश्न मात्र बहुधा अनुत्तरितच राहतात. तेल विकणारी कंपनी आणि शालेय आहाराचे काम करणारी संस्था यांची भागीदारी पोकळ की भरीव, याचा निवाडा या दोन उत्तरांवरच होतो.

विक्रीला सत्कार्याची जोड देण्याची ही रीत तशी जुनी आहे. अमेरिकन एक्स्प्रेस कंपनीने १९८३ साली आपले कार्ड वापरले जाईल त्या प्रत्येक वेळी एक सेंट स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या दुरुस्तीस देण्याचे जाहीर केले आणि त्यातून सुमारे १७ लाख डॉलर उभे राहिले. तेथे देणगीचा दर कोणालाही कळेल असा होता. याउलट १९९९ साली अमेरिकेतील एका दह्याच्या कंपनीने डब्याच्या प्रत्येक परत आलेल्या झाकणामागे ५० सेंट कर्करोगविषयक कार्यास देण्याचे म्हटले, परंतु देणगीस एक लाख डॉलरची कमाल मर्यादा घालून ठेवली होती. मर्यादा भरल्यानंतर आलेल्या झाकणांचा उपयोग शून्य होता. जॉर्जिया राज्याच्या महाधिवक्त्यांनी आक्षेप घेतल्यावर कंपनीला आणखी रक्कम द्यावी लागली. दोष दानात नव्हता. ग्राहकाची जी समजूत करून दिली गेली, तिच्यात होता.

आता आपल्याकडील हिशेब पाहू. प्रधानमंत्री पोषण योजनेत, म्हणजे पूर्वीच्या मध्यान्ह भोजन योजनेत, पहिली ते पाचवीच्या मुलासाठी दररोज ५ ग्रॅम तेलाचे प्रमाण ठरलेले आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार या वर्गांच्या शाळेचे दिवस वर्षाला किमान २००. म्हणजे एका मुलाला वर्षभरात साधारण एक किलो तेल लागते. एक लिटर तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते, तेव्हा हे तेल सव्वा लिटरहूनही कमी आहे. लिटरचा भाव १५० रुपये धरला, तर खर्च सुमारे १६५ रुपये. कंपनी एका पिशवीमागे एक रुपया देणार असेल, तर एका मुलाच्या वर्षभराच्या तेलासाठी १६५ पिशव्या विकल्या गेल्या पाहिजेत. महिन्याला तीन पिशव्या घेणारी साडेचार कुटुंबे वर्षभर तेच तेल घेतील, तेव्हा कोठे एका मुलाचे तेल निघेल. हा आकडा लहान असला तरी लाजिरवाणा मुळीच नाही. ४० लाख पिशव्या खपल्या, तर ४० लाख रुपये जमतील आणि सुमारे २४ हजार मुलांचे तेल होईल. लाजिरवाणी गोष्ट आहे ती ‘एक पिशवी, एक मूल’ असे सुचविणारे चित्र.

परंतु याहून अवघड प्रश्न पुढेच आहे. हे ५ ग्रॅम तेल योजनेत आधीच धरलेले असते आणि त्याचा खर्च केंद्र व राज्य शासन उचलतात. तेव्हा कंपनीच्या पैशातून तेच तेल दिले, तर मुलाच्या ताटात थेंबभरही वाढ होत नाही. शासनाचा तेवढा खर्च मात्र वाचतो. भागीदारी भरीव व्हायची असेल, तर जे ताटात नाही ते तिने द्यावे. महाराष्ट्र शासनाने २०२३ च्या नोव्हेंबरात शालेय आहारात आठवड्यातून एकदा अंडे, आणि अंडे न खाणाऱ्या मुलांना फळ, देण्याचे ठरविले; मात्र २०२५ च्या जानेवारीत त्यासाठी स्वतंत्र निधी देणे थांबविले. अंड्याची किंमत सात रुपये आणि वर्षाचे ३५ आठवडे धरल्यास एका मुलामागे २४५ रुपये पडतात. त्याच ४० लाखांत सुमारे १६ हजार मुलांना दर आठवड्याला अंडे मिळू शकते. मुलांची संख्या २४ हजारांवरून १६ हजारांवर येते, पण या वेळी ताटात खरोखरच काही पडते. तेलाच्या कंपनीने अंडी द्यावीत, हे जाहिरात करणाऱ्यांना विजोड वाटेल. वस्तुतः जाहिरातीत जे विजोड दिसते, तेच मुलाच्या पोटाला अधिक जुळणारे असते.

दुसरी अडचण काळाची आहे. तेलाचा खप दिवाळीच्या आधी वाढतो. शाळेला दिवाळीची सुटी असते. आणि संस्थेला अंडी पुरविणाऱ्याशी बोलणी करायची असतात ती जूनमध्ये. दर महिन्याच्या खपावर अवलंबून पैसे येऊ लागले, तर मंदीच्या महिन्यात मुलांचे अंडे बंद ठेवावे लागेल. म्हणून किमान रक्कम विक्री काहीही होवो, शाळा सुरू होण्यापूर्वी संस्थेच्या खात्यात जमा झाली पाहिजे. अधिक खपातून येणारा पैसा पुढील वर्षासाठी ठेवावा. कमाल मर्यादा ठेवायचीच असेल, तर ती पिशवीवर ठळक छापावी आणि ती गाठताच मुलाचे चित्र काढून टाकावे.

हा पैसा कोणत्या खात्यातून येतो, हेही पाहिले पाहिजे. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या नियमांत २०२१ साली केलेल्या दुरुस्तीनुसार आपल्या मालाच्या विक्रीस लाभ व्हावा म्हणून केलेले प्रायोजन सामाजिक दायित्वात धरता येत नाही. म्हणजे पिशवीवरील एक रुपया हा जाहिरातीचा खर्च होय. तो तसाच दाखविण्यात कमीपणा नाही. एकच रुपया दोन ठिकाणी पुण्य म्हणून दाखविण्यात मात्र आहे.

कंपनी पैशाऐवजी तेलच देऊ लागली, तर संस्थेने अधिक सावध राहिले पाहिजे. बिहारमधील सारण जिल्ह्यात १६ जुलै २०१३ रोजी शाळेतील जेवणाने २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले. तेव्हा देणगीचे तेल असो वा विकतचे, ते बंद पिशवीतच यावे, त्यावरील उत्पादन क्रमांक व मुदत नोंदवहीत लिहून ठेवावी आणि मुदत जवळ आलेला माल परत पाठविण्याचा हक्क संस्थेने करारातच मागून घ्यावा. दात्याला नकार देण्याचा हक्क ज्या संस्थेजवळ नाही, ती संस्था भागीदार नसून जाहिरातीतील एक चित्र आहे.

अशा पिशवीवर चार ओळी पुरतात. एका पिशवीमागे किती पैसे, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, किमान व कमाल रक्कम किती आणि हिशेब कोठे पाहावयास मिळेल. वर्षाअखेरीस त्या हिशेबात शाळांची संख्या, वाटलेली अंडी आणि न वाटता राहिलेली अंडीही यावीत. कारण सर्व काही ठरल्याप्रमाणेच झाले असे सांगणारा हिशेब शाळेत कधी पाऊल न टाकलेल्या माणसाचा असतो. ग्राहकाने एवढ्या ओळी वाचल्या, तर तो रुपयाच दिला असे समजून रुपयाच देईल. मुलाच्या वाट्याला मग चित्राऐवजी आठवड्याचे एक अंडे येईल.